साडीच्या दुकानातलं कमिशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं एकाच नमुना दुकानावर बेतली आहेत, म्हणजे आकडे एकमेकांशी जुळत राहतील. दुकान नागपुरात बर्डीवर, साड्या आणि ड्रेस मटेरियलचं. काउंटरवर सहा जण, गल्ल्यावर एक, आणि माल वर-खाली करणारा, घड्या घालणारा एक मदतनीस. जीएसटी वगळून महिन्याची सरासरी विक्री १२ लाख रुपये. खरेदीचा भाव वजा जाता शंभर रुपयांच्या विक्रीत २८ रुपये उरतात, म्हणजे महिन्याला ३,३६,००० रुपये. भाडं, पगार, वीज आणि कमिशन सगळं याच रकमेतून जातं. तुमचं दुकान इतवारीत असेल किंवा धरमपेठेत, आकडे बदलतील, हिशेबाची रीत बदलणार नाही.

आमच्याकडे साधी स्कीम आहे: महिन्यात दोन लाखांची विक्री केली की पूर्ण विक्रीवर २ टक्के, त्याखाली काही नाही. तिच्यात चूक काय?

दोन लाखांची ती रेघच चूक आहे. ज्याची विक्री १,९९,००० वर थांबली त्याला शून्य मिळतं. आणखी हजार रुपयांची एक साडी विकली की त्याला ४,००० रुपये मिळतात. म्हणजे ३० तारखेला संध्याकाळी त्या एका साडीची किंमत त्याच्या लेखी स्वतःच्या पगाराच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी असते. अशा वेळी समोर बसलेल्या बाईला ती साडी हवी आहे की नाही, हा विचार त्याच्या डोक्यात राहावा अशी अपेक्षा ठेवणं त्याच्यावर अन्याय आहे. मोह तुमच्या स्कीमने उभा केलेला असतो.

पुढे काय होतं ते जवळपास प्रत्येक दुकानात सारखंच दिसतं. शेवटच्या तीन दिवसांत "शेवटचा पीस आहे, उद्या मिळणार नाही" हे वाक्य वाढतं. दोन सेल्समन आपसात ठरवून एकाची बिलं दुसऱ्याच्या नावावर फाडतात आणि आलेले पैसे वाटून घेतात. कुणी स्वतःच्या वहिनीच्या नावाने तीन साड्या घेतो आणि पुढच्या महिन्याच्या तीन तारखेला परत करतो. ज्याचं टार्गेट आधीच पूर्ण झालं, तो ओळखीच्या गिऱ्हाइकाला "एक तारखेनंतर या" म्हणून पाठवतो, कारण पुढच्या महिन्याची सुरुवात चांगली व्हावी.

याची दुसरी बाजू सहसा कुणी बघत नाही. ज्याची विक्री २० तारखेला ९० हजारच झाली आहे, त्याला दोन लाख गाठणं शक्य नाही हे कळलेलं असतं. उरलेले दहा दिवस त्याच्यासाठी कमिशनच नसतं. ज्याला धीर द्यायची गरज आहे नेमका तोच स्कीमच्या बाहेर पडतो.

मग टार्गेट ठेवायचंच नाही का?

माणसागणिक महिन्याचं टार्गेट ठेवू नका. दुकानाचा म्हणून अंदाज जरूर ठेवा, पण तो खरेदीसाठी, पगारासाठी नव्हे.

कारण काउंटरवरच्या माणसाच्या हातात गिऱ्हाइकाचं येणं नसतं. मे महिन्यात दुपारी १२ ते ५ नागपूरचा बाजार ओस पडतो, त्यात त्याचा काय दोष? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक असते तेव्हा इतवारी-महालातल्या दुकानात साडी घ्यायला कोण पोचणार? दिवाळीचंच बघा. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे. "मागच्या ऑक्टोबरपेक्षा १० टक्के जास्त" असं टार्गेट दिलंत तर २०२६ च्या ऑक्टोबरात सगळेच नापास होतील आणि नोव्हेंबरात सगळेच पास, कुणी काही वेगळं न करता. त्याच वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आला, आणि अधिकात लग्नं लागत नाहीत, म्हणजे बस्त्याची खरेदीही पुढे-मागे सरकते. मागच्या वर्षाशी तुलना करायचीच असेल तर ती दुकानाच्या पातळीवर करा, आणि महिन्याशी महिना न लावता सणाशी सण लावा.

टार्गेटचा दुसरा धोका याहून मोठा आहे. १९९२ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याच्या ग्राहक खात्याने सीअर्स या मोठ्या दुकान-साखळीच्या गाडी दुरुस्ती केंद्रांवर आरोप ठेवला की तिथे गरज नसलेली कामं गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारली जातात. तिथल्या सल्लागारांना विक्रीवर कमिशन होतं आणि अमुक इतके सुटे भाग विकलेच पाहिजेत असा कोटाही होता. बोभाटा झाल्यावर कंपनीने ती पद्धत मागे घेतली. नियम असे असले की साधी माणसंही तशी वागू लागतात.

नवी स्कीम नेमकी कशी बांधायची?

आधी एकूण रक्कम ठरवा, मग वाटणी. नमुना दुकानात विक्रीच्या २ टक्के, म्हणजे सरासरी महिन्याला २४,००० रुपये बाजूला काढायचे. मार्जिनच्या शंभर रुपयांतले हे साधारण सात रुपये होतात. त्याचे तीन भाग करा.

पहिला भाग सगळ्यांचा: दुकानाच्या निव्वळ विक्रीवर १ टक्का, म्हणजे १२,००० रुपये. हा आठही जणांत हजेरीच्या दिवसांप्रमाणे वाटायचा. गल्लेवाला आणि मदतनीस यांनाही हिस्सा द्या. चाळीस साड्या उलगडल्यावर परत घड्या घालणाऱ्याशिवाय काउंटर चालत नाही.

दुसरा भाग ज्याचा त्याचा: स्वतःच्या निव्वळ विक्रीवर ०.८ टक्के, पहिल्या रुपयापासून. स्लॅब नाही, रेघ नाही. १२ लाखांवर याचे ९,६०० रुपये होतात. हजाराची साडी महिन्याच्या एक तारखेला विका किंवा तीसला, आठ रुपयेच मिळतात. आठ रुपयांसाठी कुणी खोटं बोलत नाही आणि वहिनीच्या नावाने बिलही फाडत नाही. ही सपाट चाल हाच या स्कीमचा गाभा आहे.

तिसरा भाग कामाचा: ०.२ टक्के, म्हणजे २,४०० रुपये, माणशी ३००. तो कशावर द्यायचा ते पुढे येतं.

स्लॅब अजिबात नको? चांगल्या सेल्समनला ओढ राहील का?

स्लॅब हवाच असेल तर वाढीव दर फक्त वरच्या रकमेवर लावा, पूर्ण विक्रीवर कधीही नाही. उदाहरणार्थ अडीच लाखांपर्यंत ०.८ आणि त्यावरच्या रकमेवरच १ टक्का. मग रेघ ओलांडताना उडी लागत नाही, नुसता चढ थोडा वाढतो. त्याहून जास्त फरक ठेवला की बिलं एका नावावर गोळा करणं पुन्हा फायद्याचं होतं.

दोन माणसांचा हिशेब करून दाखवाल?

समजा महिन्याची निव्वळ विक्री बरोबर १२ लाख झाली आणि आठ जणांच्या हजेरीची बेरीज १९२ दिवस. सामाईक १२,००० भागिले १९२ म्हणजे दिवसाला ६२.५० रुपये.

सिल्क काउंटरवरच्या माणसाची विक्री २,३१,४००, परत आलेला माल ६,४००, म्हणून निव्वळ २,२५,०००. त्यावर ०.८ टक्क्याने १,८०० रुपये. हजेरी २४ दिवस, म्हणजे सामाईकातून १,५००. कामाचे ३००. एकूण ३,६०० रुपये.

रोजच्या वापराच्या कॉटन साड्यांच्या काउंटरवरच्या बाईंची विक्री १,४२,०००, परतावा २,०००, निव्वळ १,४०,०००. स्वतःचे १,१२०, हजेरी २६ दिवसांची म्हणून सामाईकातून १,६२५, कामाचे ३००. एकूण ३,०४५ रुपये.

जुन्या स्कीममध्ये पहिल्याला ४,५०० आणि बाईंना शून्य मिळालं असतं. कॉटनची साडी स्वस्त असते, म्हणून दिवसभर जास्त गिऱ्हाइकं सांभाळूनही त्यांचा आकडा लहान दिसतो. नव्या वाटणीत जास्त विकणाऱ्याला जास्त मिळतंच, पण फरक माणसाला टोचेल इतका राहत नाही. मूळ पगार १५,००० धरला तर कमिशन एकूण कमाईच्या सहाव्या ते पाचव्या हिश्श्यात बसतं. आमच्या मते दुकानासाठी हे प्रमाण ठीक आहे. ते तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेलं की घरभाडं कमिशनवर चालायला लागतं आणि गिऱ्हाईक हातचं जाऊ न देण्याची धडपड सुरू होते.

एक्सेलमध्ये एका ओळीत हा हिशेब बसतो. `B2` मध्ये जीएसटी वगळून विक्री, `C2` मध्ये परतावा, `D2` मध्ये हजेरी, `E2` मध्ये कामाचा भाग, `H1` मध्ये सामाईक रक्कम आणि `H2` मध्ये सगळ्यांच्या हजेरीची बेरीज लिहा:

```
=ROUND((B2-C2)*0.008 + D2*$H$1/$H$2 + E2, 0)
```

सामाईक भागात एखादा कामचुकार फुकट खाणार नाही का?

आठ जणांच्या दुकानात कोण काम टाळतो ते सगळ्यांना तिसऱ्या दिवशी कळतं, आणि सामाईक पैशांमुळे ते बोलून दाखवायला इतरांना कारणही मिळतं. माणसं पन्नासच्या वर गेली की ही नजर राहत नाही. तिथे मजल्यानुसार किंवा विभागानुसार वेगळे गट करा. तरीही कुणी सुधारत नसेल तर तो पगाराचा आणि देखरेखीचा प्रश्न आहे. कमिशनची टक्केवारी हलवून तो सुटत नाही.

पगारी रजा मात्र हजेरीत धरा. नाहीतर तापाने फणफणलेला माणूस ६२ रुपयांसाठी कामावर येईल.

विक्री झाली नाही तरी मेहनत झालेली असते. ती कशी मोजायची?

एक बाई येतात, पाऊण तास बसतात, तीस साड्या बघतात, काही न घेता जातात आणि चार दिवसांनी सासूला घेऊन येऊन बारा हजारांचं बिल करतात. त्या दिवशी काउंटरवर वेगळा माणूस असतो. बिलावरून पहिल्याची मेहनत कधीच दिसणार नाही, आणि ती बिलावर चढवायचा नियम करायला गेलात तर रोज भांडणं होतील. म्हणूनच अर्धं कमिशन सामाईक ठेवलं आहे. पहिल्याचे पैसे तिथून येतात.

कामाचा भाग मालकाने बघून ठरवायचा, पण "वागणूक चांगली" अशा मोघम शब्दांवर नाही. चार गोष्टी ठरवा, प्रत्येकीला ७५ रुपये. रात्री काउंटरवर न घडी केलेला माल राहिला नाही. गिऱ्हाइकाने मागितलेलं पण दुकानात नसलेलं वहीत लिहिलं. बदलीचा नियम बिल देताना तोंडाने सांगितला. फॉल-पिको किंवा ब्लाउजसाठी घेतलेली साडी कबूल दिवशी तयार होती. महिन्यात न सांगता चार वेळा तपासा आणि तीनदा बरोबर आढळलं तर ती गोष्ट पूर्ण धरा. मागणीची वही तर पुढच्या खरेदीसाठी सोन्यासारखी असते. सुरतला ऑर्डर देताना अंदाजाऐवजी ती उघडा. न मिळालेले ७५ रुपये त्या माणसाला सांगूनच अडवा, नंतर हिशेबात गुपचूप नको.

आणखी एक गोष्ट, पैशाशिवायची. काउंटर आलटून-पालटून द्या, दर पंधरा दिवसांनी. दारालगतच्या गादीवर बसणाऱ्याला गिऱ्हाईक आपसूक जास्त मिळतं. सिल्क आणि शालूचं ज्ञान लागतं, तिथे लगेच कुणालाही बसवता येत नाही हे खरं, पण मग निदान दाराजवळची जागा तरी फिरती ठेवा.

विक्री कुणाच्या नावावर, यावरून रोज वाद होतात. नियम काय ठेवावा?

प्रत्येकाला एक क्रमांक द्या आणि तो बिल बनवतानाच टाका. ज्याने गिऱ्हाइकाला माल दाखवला त्याचा क्रमांक. दोघांनी मिळून दाखवला असेल तर बिल निम्मं-निम्मं, पण तेही गल्ल्यावर त्याच क्षणी. बिल छापल्यावर क्रमांक बदलायचा झाल्यास मालकाची सही हवी, आणि बदलल्याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये पुसली जाऊ नये. संध्याकाळी "ते माझं होतं" म्हणून बिलं फिरवू दिलीत की स्कीम आठवड्यात संपली.

गिऱ्हाईक नाव घेऊन एखाद्याला विचारत असेल तर त्यालाच बोलवा. बाकी सगळे पाळीने. घरचं कुणी दुकानात बसून विकत असेल, मालकाचा मुलगा किंवा भाऊ, तर त्यांच्या विक्रीला "दुकान" असा वेगळा क्रमांक द्या. ती सामाईकात धरली जाईल, पण वैयक्तिक कमिशन कुणालाच नाही. ते नको असेल तर त्यांनी मोठी गिऱ्हाइकं स्वतःकडे ओढू नयेत. यावरची नाराजी नोकर तोंडावर बोलत नाहीत, काम सोडून जातात तेव्हा कळते.

माल परत आला किंवा बदलला तर?

समजा बदलीची मुदत ७ दिवस आहे. मग महिन्याचा हिशेब ८ तारखेला करा आणि कमिशन १० तारखेला द्या. तोवर ३० तारखेच्या बिलाचीही मुदत संपलेली असते, म्हणून दिलेले पैसे परत मागायची वेळ येत नाही. उशिरा परत आलेला माल पुढच्या महिन्याच्या विक्रीतून वजा होईल. मूळ पगाराला कशासाठीही हात लावू नका.

बदलीत खरी गोम दुसरीकडे आहे. बदलायला आलेल्या गिऱ्हाइकाकडे कुणी बघत नाही, कारण त्यात वेळ जातो आणि कमिशन नसतं. त्यासाठी असं करा: ३,२०० ची साडी देऊन ४,००० ची घेतली तर ३,२०० पहिल्याच्या नावावर राहतील, वरचे ८०० बदलून देणाऱ्याच्या. स्वस्त घेतली, समजा २,५०० ची, तर पहिल्याची विक्री २,५०० वर येईल. दोन्ही वेळा बदलून देणाऱ्याला वर ठरावीक २० रुपये द्या. महिन्याला ४० बदल्या झाल्या तरी ८०० रुपयेच लागतात, आणि रांगेत ताटकळणाऱ्या बाईचा राग वाचतो.

"विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीचा आधार घेऊ नका. सदोष माल परत घ्यायला नकार देणं २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरतं. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरतात. सदोष मालाच्या परताव्याचा भार सेल्समनवर टाकू नका, कारण दोष खरेदीत होता. असा परतावा `C2` मध्ये लिहू नका.

सेल्समन सवलत देऊन विक्री वाढवतात. त्याचं काय?

हा खड्डा शांतपणे सगळा नफा गिळतो. ३,००० ची साडी २,१६० ला आलेली आहे, हातात ८४० उरतात. सेल्समनने १० टक्के सोडले तर तुमचे ३०० गेले, म्हणजे नफ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग. त्याचं कमिशन मात्र २४ वरून २१.६० रुपये झालं. त्याला अडीच रुपयेही न गमावता सौदा पक्का झाला, आणि त्याच्या जागी कुणीही हेच करेल.

यावर मार्जिनवर कमिशन देणं हा उपाय सुचवला जातो. आम्ही लहान दुकानांना तो सुचवत नाही. एक तर खरेदीचा भाव काउंटरवर सगळ्यांना कळतो. दुसरं, ज्या साडीत मार्जिन जास्त तीच गिऱ्हाइकासमोर आधी उलगडली जाते, तिला शोभो न शोभो. सोपा मार्ग असा: काउंटरवर ५ टक्क्यांपर्यंत सूट, त्यावरचा शब्द फक्त गल्ल्यावर. घासाघीस करणारं गिऱ्हाईक आपल्याकडे राहणारच, त्याला शेवटचं बोलायला एक ठिकाण असलं की पुरतं. महिन्याला प्रत्येकाच्या क्रमांकावर सरासरी सूट किती गेली तेवढं बघा.

पडून राहिलेल्या मालावर नगामागे ५० रुपये द्यावेत का?

देऊ नये. त्या ५० रुपयांमुळे मळकट रंगाची, दोन वर्षांपूर्वीच्या फॅशनची साडी कुणा खेड्यावरून आलेल्या, विश्वासाने "तुम्हीच सांगा" म्हणणाऱ्या बाईला "सध्या हीच चालू आहे" म्हणून दिली जाते. तेच ५० रुपये, किंवा त्याहून जास्त, किमतीतून कमी करा आणि तशी चिठ्ठी उघड लावा. माल जातो आणि कुणाला खोटं बोलावं लागत नाही.

मिलची किंवा ब्रँडची माणसं तुमच्या सेल्समनला परस्पर पाकिटं किंवा भेटी देत असतील तर तेही दुकानात जमा होऊन सामाईकात जायला हवं. हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.

दबाव टाकला जातोय हे मालकाला कळणार कसं? माझ्यासमोर सगळे नीटच वागतात.

तीन जागी बघा. पहिली, सात दिवसांत बदलायला आलेल्या मालाचं प्रमाण, क्रमांकानुसार. एखाद्याच्या शंभरातल्या १० साड्या बदलीला येतात आणि बाकीच्यांच्या ३, तर त्याच्या गिऱ्हाइकांना घरी गेल्यावर पश्चात्ताप होतोय. लग्नाच्या बस्त्यात बदली थोडी जास्त असतेच, म्हणून एका महिन्यावरून ठरवू नका, तीन महिने बघा.

दुसरी जागा, गिऱ्हाईक स्वतः. ज्यांनी बिलावर फोन नंबर दिला आणि फोन केला तर चालेल म्हटलं, त्यांतल्या दहा जणांना महिन्यातून एकदा मालकाने स्वतः विचारावं: सांगितलेल्या किमतीतला माल दाखवला का? बदलीचा नियम सांगितला का? नको म्हटल्यावर ऐकलं का? पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. दीड हजारातली दाखवा म्हटल्यावर चार हजारांपासून सुरुवात करणं हा साडीच्या दुकानातला सर्वांत रुळलेला दबाव आहे, आणि तो इतका अंगवळणी पडलेला असतो की करणाऱ्याला तो दबाव वाटतही नाही.

तिसरी जागा दुकानाचं दार. न घेता जाणारी बाई घाईने, मान खाली घालून जात असेल तर आत काहीतरी बोललं गेलंय. कधी कधी अर्धा तास दाराशी उभं राहिलं तरी पुरतं.

विक्रीचा क्रम लिहिलेला फळा भिंतीवर लावू नका. प्रत्येकाला त्याचा आकडा त्याच्या चिठ्ठीत द्या. फळ्यावर शेवटचं नाव असलेला माणूस त्या दिवशी जे करेल ते तुमच्या गिऱ्हाइकाला भोगावं लागतं.

आणि लबाडी?

सपाट दरामुळे तिचं बरंचसं कारणच जातं. उरलेली शोधायला दर महिन्याला हिशेबाच्या वेळी तीन गोष्टी पुरतात. तीस दिवसांच्या महिन्यात शेवटच्या तीन दिवसांचा वाटा साधारण दहावा हिस्सा असतो. कुणाचा चौथा हिस्सा येत असेल आणि पुढच्या आठवड्यात परतावेही त्याच्याच क्रमांकावर असतील तर बिलं काढून बघा. बिल छापल्यानंतर बदललेले क्रमांक बघा. एकच फोन नंबर खरेदी आणि परताव्यात वारंवार दिसतो का ते बघा.

आकडा जुळला नाही म्हणून माणूस चोर ठरत नाही. एखाद्याच्या गल्लीतलं लग्न महिनाअखेरीस आलं तर त्याची सगळी बिलं तेव्हाच होतील. आधी एकट्याला बोलावून विचारा, बिल समोर ठेवा, त्याचं ऐका. कमिशन अडवायचं तर फक्त त्याच बिलाचं.

कायद्याचं काय बघावं लागतं?

मूळ पगार किमान वेतनापेक्षा कमी ठेवून कमिशनने भरून काढता येत नाही. महाराष्ट्रात दुकानांचं किमान वेतन परिमंडळानुसार ठरतं आणि त्यातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, म्हणून जानेवारीत आणि जुलैत दर तपासा. वीस किंवा जास्त कामगार असतील तर किमान ८.३३ टक्के बोनसची कायद्याची जबाबदारी वेगळी आहे. वर्षभर कमिशन दिलं म्हणून ती संपत नाही. तुमच्या लेखापालाला हेही सांगा की नोकराला दिलेलं कमिशन त्याच्या पगाराचाच भाग धरून करासाठी मोजलं जातं.

जुन्या स्कीमवरून नव्यावर कसं यावं? ज्याला ४,५०० मिळत होते तो ३,६०० ला कसा तयार होईल?

तीन महिने दोन्ही हिशेब समांतर करा आणि ज्याला ज्यात जास्त मिळतं ते द्या. पैसे थोडे जास्त जातील, ते धरूनच चला. मात्र या तीन महिन्यांतही बिलाचे नियम, सवलतीची मर्यादा आणि हिशेबाची ८ तारीख नवीच ठेवा, नाहीतर जुन्या खेळ्या चालू राहतील. सुरुवात दिवाळीच्या तोंडावर नको. जानेवारी बरा, तेव्हा सगळ्यांना ऐकायला वेळ असतो.

त्या जास्त विकणाऱ्याशी वेगळं बसून बोला. त्याचे मागच्या बारा महिन्यांचे आकडे समोर ठेवा. बहुतेकदा दिसतं की चार-पाच महिने त्याला शून्यही मिळालेलं आहे, आणि वर्षाची बेरीज नव्या रीतीने फार खाली येत नाही. तरी खरंच खाली येत असेल आणि तो खरंच वाकबगार असेल, पैठणीचा काठ बघून हातमागाची की यंत्रमागाची हे सांगणारा, तर त्याचा मूळ पगार वाढवा. ज्ञानाचे पैसे पगारात द्यावेत.

नवा माणूस, उधारी, मधेच काम सोडणं: या बारीक गोष्टींचे नियम?

नव्याला पहिले दोन महिने सामाईक आणि कामाचा भाग पूर्ण द्या, वैयक्तिक भागाऐवजी ठरावीक १,००० रुपये. तेवढ्यात तो माल ओळखायला शिकतो. उधारीच्या बिलावर वैयक्तिक कमिशन पैसे आल्यावरच द्या, म्हणजे ओळखीपाळखीत उधार वाटली जाणार नाही. काम सोडणाऱ्याला शेवटच्या दिवसापर्यंतचं कमिशन, बदलीची मुदत संपताच, न मागता द्या, आणि हा नियम स्कीमच्या कागदावर लिहूनच ठेवा. तो कागद मराठीत, एका पानाचा, वरच्या दोन माणसांच्या हिशेबासारखं एक उदाहरण घालून, प्रत्येकाच्या सहीसह असावा. आणि दर बदलायचे असतील तर निदान एक महिना आधी सांगून, पुढच्या महिन्यापासूनच बदलावेत, सरलेल्या महिन्याला लावून कधीही नाही.